क्लासची फी परत मागण्याआधी फॉर्मची मागची बाजू वाचा

महोदय,

बारावीनंतर जळगावात नीटच्या रिपीटर बॅचला बसायचे आणि सीईटीच्या फेऱ्यांत शिरपूर, फैजपूरकडे फार्मसीला नंबर लागला की क्लास सोडायचा, असे आपल्याकडे बऱ्याच घरांत होते. मग फी परत मागायला गेले की आकडा ऐकून पालक हबकतात. आमच्या शेजारच्या मुलाचे यंदा हेच झाले.

छापील फी 1,20,000 रुपये, त्यात 30,000 ची ‘स्कॉलरशिप’, म्हणून भरले 90,000. दहा महिन्यांच्या कोर्सपैकी दोन महिने झाल्यावर त्याने क्लास सोडला. वडिलांचा हिशेब साधा होता : आठ महिन्यांचे 72,000 परत यावेत. क्लासने 44,000 देऊ केले. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. मध्येच सोडल्यास स्कॉलरशिप रद्द, म्हणून दोन महिन्यांचे 18,000 ऐवजी 24,000 धरले. नोंदणीचे 10,000 परत नाहीत. स्टडी मटेरियलचे 12,000 सुद्धा नाहीत, आणि त्यातली निम्मी पुस्तके अजून मिळालेलीच नव्हती! न दिलेल्या पुस्तकांचे पैसे कापणे मला तरी अजिबात पटत नाही. म्हणून अर्जात मिळालेल्या पुस्तकांची यादी द्यावी आणि बाकीचे पैसे वेगळे मागावेत.

तारखेची अटही नीट पाहावी. अनेक फॉर्मवर मुलगा वर्गात यायचा थांबला तो दिवस धरत नाहीत, लेखी अर्ज पोचला तो दिवस धरतात. ‘सर, तो उद्यापासून येणार नाही’ असे फोनवर सांगून महिना गेला, तर तो महिनाही कापला जातो. त्याच दिवशी ईमेल करावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण फी भरून कोर्स मध्येच सोडला, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणातली रक्कम 10 दिवसांत परत द्यायची आहे. क्लासच्याच वसतिगृहात राहत असल्यास तिथली व मेसची फीसुद्धा. ही तत्त्वे राबवणे राज्यांकडे आहे, त्यामुळे नुसता त्यांचा हवाला देऊन क्लासवाले लगेच ऐकतील असे नाही. तरीही अर्जात त्यांचा उल्लेख जरूर करावा.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. म्हणजे क्लास पुण्याचा किंवा कोट्याचा असला तरी नंदुरबारच्या पालकाला नंदुरबारातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. फॉर्मवर ‘फी परत मिळणार नाही’ असे छापले आहे आणि खाली आपली सही आहे, एवढ्यावरून मागे फिरू नये. अशी एकतर्फी अट आयोगापुढे टिकेलच असे नाही.

क्लासवाल्यांना माझी एकच विनंती आहे. फीच्या पावतीवर नोंदणी, पुस्तके आणि शिकवणी यांचे आकडे वेगवेगळे लिहून द्या, आणि स्कॉलरशिप रद्द होण्याची अट सही घेण्याआधी पालकांना मराठीत वाचून दाखवा.

– एक पालक, अमळनेर