चहा पाजून पुस्तकं खपतात का?

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चहा पाजून पुस्तकं खपतात होय?" समोर गिऱ्हाईक होतं म्हणून नुसती हसले. आता नीट लिहिते.

माझ्या पुस्तकांच्या दुकानातला वाचकांचा पहिला मेळावा फसला ते तुम्हाला ठाऊक आहे. तो मी हौसेने २७ फेब्रुवारीलाच ठेवला होता. कुसुमाग्रजांच्या गावात त्यांच्या वाढदिवशी प्रत्येक कॉलेजात नि वाचनालयात काही ना काही असतंच, माझ्याकडे कोण येणार? म्हणून या वेळी दोन आठवडे पुढचा रविवार धरला, सकाळी साडेदहाचा. दोघाचौघांचे "बंद आहे का?" असे फोन आले, तेव्हा लक्षात आलं की रविवारी आपली सुट्टी असल्याने गूगल मॅपवर दुकान 'बंद' दिसतंय. त्या एका दिवसापुरती वेगळी वेळ तिथे टाकता येते. ती आधीच टाकायला हवी होती, मी टाकली शनिवारी रात्री.

दुसरी फजिती व्हॉट्सॲपची. बिलाच्या वहीतले एकशे ऐंशी नंबर घेऊन ब्रॉडकास्ट लिस्ट केली नि निमंत्रण धाडलं. निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच टिक! आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नसतो, त्यांच्यापर्यंत तो निरोप पोचतच नाही. तेव्हापासून पैसे घेताना मी सांगते, "निरोप हवे असतील तर दुकानाचा नंबर सेव्ह करा आणि एक 'हो' पाठवा." काहीजण नको म्हणतात. त्यांचा नंबर मी यादीत घेत नाही.

पण खरी मेख निमंत्रणाच्या शब्दांत होती. गेल्या वेळी मी विचारलं होतं, "येणार ना?" सगळ्यांनी अंगठे पाठवले आणि आले सहा. या वेळी लिहिलं, "आवडलेलं एक पुस्तक आणा, त्याबद्दल दोन मिनिटं बोला. कोणतं आणताय ते कळवा." एक्केचाळीस जणांनी उत्तर दिलं. चौदा जणांनी पुस्तकाचं नाव कळवलं, बाकी सत्तावीस अंगठे. नाव कळवणाऱ्यांपैकी बारा आले, अंगठेवाल्यांपैकी पाच. आता मी खुर्च्या नावं मोजूनच मागवते. त्या रविवारी सकाळी आठला नाव कळवणाऱ्यांनाच पुन्हा एकेक ओळ पाठवली, त्यांच्या पुस्तकाचा उल्लेख करून. सगळ्यांना एकच निरोप ढकलला की लोक तो न वाचता सरकवतात.

आई, तू विचारशील म्हणून सांगते, चहा दोन थर्मास पुरला. चिवडा उरला, तो मी आठवडाभर खाल्ला.

आता हिशेब. मंडपवाल्याच्या वीस खुर्च्या आणि चहा-चिवडा मिळून अकराशे रुपये गेले. त्या दिवशी नऊ पुस्तकं विकली, साधारण एकवीसशेची. मला त्यात तीस टक्के सुटतात, म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास. बाबा, इथवर तुमचंच खरं.

पुढची गंमत त्याच दिवशीची. गर्दीचे फोटो टाकायचा मोह मी आवरला. एक तर सगळ्यांना ते चालत नाहीत. एका बाईंनी हळूच येऊन सांगितलं, "माझा फोटो नको, घरी बँकेत जाते म्हणून सांगितलंय." रविवारी बँक! घरच्यांनाही विश्वास कसा बसला, देव जाणे. दुसरं म्हणजे, जो आला नाही त्याला परक्यांच्या पाठमोऱ्या डोक्यांशी काय देणंघेणं? मी सगळ्यांनी आणलेली पुस्तकं टेबलावर एकावर एक रचली, कण्यावरची नावं वाचता येतील अशी, खिडकीजवळ उजेडात एकच फोटो काढला. खाली प्रत्येकाची किंमत आणि आणणाऱ्याने सांगितलेलं एक वाक्य, त्यांना विचारून. शेवटी लिहिलं, "पुढच्या रविवारपर्यंत मागवून ठेवते." चार पुस्तकं आता छापलीच जात नाहीत, तेही स्पष्ट लिहिलं, नाहीतर चौकश्यांची उत्तरं देता देता दमछाक होते. हे स्टेटसला ठेवलं, पण स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून इन्स्टाग्रामवर पोस्टही केली आणि एक छापील प्रत काउंटरवर चिकटवली.

आठ दिवसांत तेवीस पुस्तकं गेली, पंधरा तर मेळाव्याला न आलेल्यांनी नेली. त्यात सोळाशे सुटले. म्हणजे त्या दिवशीचे सव्वासहाशे धरून, चहा-खुर्च्यांचा खर्च वळता होऊन हाती अकराशेच्या वर उरले. उशीर केला असता तर हे झालं नसतं. पहिल्या वेळी मी फोटो चौथ्या दिवशी टाकले होते, तेव्हा एकानेही काही विचारलं नव्हतं.

पुढचा मेळावा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. तुम्ही दोघं त्याच सुमारास येणार आहात. बाबा, कोणतं पुस्तक आणताय ते कळवा. नुसता अंगठा पाठवू नका.

तुमची,
मनू