सूचना : कार्यालयीन संदेशांतील वैयक्तिक शेरे

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी दुपारी ४ वाजता सभाकक्षात या विषयावर अर्ध्या तासाची बैठक होईल. विभागप्रमुखांनी उपस्थित राहणे आवश्यक आहे. तोपर्यंत पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

‘आजच्या सादरीकरणातला तक्ता फार स्पष्ट होता’ ही कामाची दाद आहे आणि ती सर्वांसमोर देता येते. मात्र ‘आज निळ्या रंगात फारच खुलून दिसत होतीस’ असा संदेश वरिष्ठाने रात्री साडेदहाला खासगीत पाठवला, तर शब्द गोड असूनही तो शरीराविषयीचा शेरा ठरतो. हेच वाक्य आपण आपल्या वरिष्ठांना, सर्वांच्या देखत लिहिले असते का, हे स्वतःला विचारावे; उत्तर बहुधा लगेच मिळते.

कनिष्ठ सहकारी अशा संदेशाला हसरी इमोजी किंवा ‘थँक्यू सर’ एवढेच पाठवतो, कारण त्याचे मूल्यमापन आणि रजा त्याच वरिष्ठाच्या हाती असतात. म्हणून ते उत्तर म्हणजे संमती समजू नये. उत्तरे तुटक होणे, उशिरा येणे किंवा विषय कामाकडे वळवला जाणे हा नकारच असतो.

• चूक लक्षात आल्यास एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करून थांबावे. ‘गंमत केली होती’ असे स्पष्टीकरण देऊ नये.
• ज्यांना त्रास झाला असेल, त्यांनी संदेश न पुसता तारीख-वेळेसह जपून ठेवावेत आणि तक्रार समितीकडे द्यावेत.