पंधरा मिनिटांत गाडगीळ अहवाल

प्रिय नंदे,

गणपतीनंतर लिहिते म्हणाले होते आणि दिवाळी तोंडावर आली. रागावू नकोस. आईचा गुडघा ठीक, माझा खोकला गेला. आता खरं कारण सांगते.

वाचनालयाने मला गाडगीळ अहवालावर, म्हणजे पश्चिम घाटाच्या पर्यावरणाबद्दल माधव गाडगीळ समितीने दिलेल्या अहवालावर, बोलायला सांगितलंय. पंधरा मिनिटं, समोर सगळे काजू-नारळीवाले. तोच २०११चा अहवाल, ज्याच्या झेरॉक्सवर तू चहा सांडला होतास! आता त्यातलं काय ठेवू आणि काय गाळू, या एकाच प्रश्नाने माझी झोप उडालीय.

आधी मी प्रकरणांच्या क्रमाने स्लाइड केल्या. समितीची स्थापना, घाटाचे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दिलेले गुण, १४२ तालुके, तीन संवेदनशील क्षेत्रं, त्यातलं पहिलं सगळ्यात नाजूक. छान दिसत होतं. पण शेजारच्या काकांनी विचारलं, “माझी काजीची बाग जातली काय?” आणि त्या सगळ्या स्लाइडमध्ये त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. म्हणून उलटीकडून सुरुवात केली. लोक कोणते प्रश्न घेऊन येतील ते लिहून काढले आणि ज्या निष्कर्षाने त्यातल्या एखाद्याचं उत्तर मिळतं तोच ठेवला. चौकोनांची पद्धत मला अतिशय आवडते, तुला माहीतच आहे, पण तिला एकच वाक्य उरलं. तेही “ही रेघ कुणी मारली?” असं कुणीतरी विचारणारच म्हणून.

उरले तीन निष्कर्ष: खाण, जमीन, फवारणी. आणि खरी अडचण इथे सुरू झाली, नंदे. वाक्य लहान करायला घेतलं की पहिली गळते ती अट. अहवाल म्हणतो की पहिल्या दोन क्षेत्रांत शेतजमिनीचा बिगरशेती वापर नको, पण स्थानिक लोकसंख्या वाढली म्हणून गावठाण वाढवायचं असेल तर चालेल. स्लाइडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘शेतजमीन बिगरशेती करता येणार नाही’. वाचायला सुटसुटीत. पण ते वाचून माणूस घरी जाऊन सांगणार, “मुलाला घर बांधता येणार नाही.” हे अहवालात नाहीच!

फवारणीचंही तसंच. ‘रासायनिक कीटकनाशकं बंद’ एवढंच लिहिलं तर उद्यापासून बंद असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या क्षेत्रात पाच, दुसऱ्यात आठ आणि तिसऱ्यात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायची शिफारस आहे. बागायतदाराला बंदीइतकीच ही वर्षं महत्त्वाची. खाणीबद्दल ‘पहिल्या क्षेत्रात नवे परवाने नकोत’ यासोबत ‘चालू असलेल्या २०१६पर्यंत बंद कराव्यात’ हेही ठेवलं, कारण आपल्याकडे लोक चालू खाणीबद्दलच विचारतात.

म्हणून आता प्रत्येक निष्कर्ष त्याच्या अटीसकट एका वाक्यात लिहिते. वाक्य स्लाइडवर मावत नसेल तर अट कापत नाही, सरळ दुसरा एखादा निष्कर्ष काढून टाकते. मग स्लाइड अहवाल न वाचलेल्या माणसाला दाखवायची, झाकायची आणि “काय समजलं?” विचारायचं. वहिनीला दाखवली तर ती म्हणाली, “म्हणजे हा कायदा झाला.” तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात मोठी अट पडद्यावर नाहीच: या शिफारशी आहेत, क्षेत्रांच्या सीमा तात्पुरत्या आहेत, अंतिम निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावा असं समितीनेच म्हटलंय. आणि सरकारने पुढे अधिसूचनेचे मसुदे काढले ते नंतरच्या कस्तुरीरंगन समितीच्या २०१३च्या अहवालाच्या आधाराने. ती स्लाइड आता पहिली.

तू म्हणशील, “सगळंच सांग, लोक मूर्ख नाहीत.” पक्ष्यांच्या अहवालावरून आपण महाबळेश्वरच्या एसटीत घाटभर भांडलो होतो ते आठवतंय. कंडक्टरने दोघींना वेगळ्या सीटवर बसवलं होतं! लोक मूर्ख नाहीत हे मलाही मान्य आहे, म्हणूनच गाळलेलं लपवणार नाही. धरणं, मासेमारी, पर्यटन यांच्या स्लाइड शेवटच्या स्लाइडनंतर राखून ठेवल्यात, कुणी विचारलं तर उघडायला. आणि एका कागदावर मी काय सोडलं आणि ते अहवालात कोणत्या पानावर आहे ते छापून दारात ठेवणार.

एक मात्र सुटत नाहीये. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षेत्राचे खाणीचे नियम पहिल्यापेक्षा सैल आहेत. तिन्ही दाखवले तर तक्ता होतो आणि तक्ता मागच्या रांगेतून वाचता येत नाही. फक्त आपल्या तालुक्याचं दाखवलं तर शेजारच्या तालुक्यातून आलेला माणूस चुकीचं घेऊन जाईल. मला वाटतं, तोंडी तिन्ही सांगावेत आणि पडद्यावर एकच ठेवावा, वर तालुक्याचं नाव मोठ्या अक्षरांत. तुला काय वाटतं?

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूची दहावी ना यंदा? सासूबाईंना नमस्कार सांग. स्लाइड व्हॉट्सॲपवर पाठवतेय, त्या सासूबाईंना दाखव, झाक आणि काय समजलं ते विचार. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, रविवारच्या आत मला कळव.

तुझी,
शमा