बिल्डरच्या हिशेबात फ्लॅटधारकाचे व्याजही धरा

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात फ्लॅटच्या खरेदीचे दस्त तपासून देणारा वकील. अलीकडे माझ्याकडे एक शिक्षक दांपत्य आले. त्यांचा फ्लॅट रंकाळ्याच्या पलीकडच्या एका इमारतीत आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये नोंदणी झालेल्या करारात किंमत 40 लाख आणि ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2022 होती. त्या तारखेपर्यंत त्यांनी बँकेचे कर्ज धरून 32 लाख भरले. भोगवटा प्रमाणपत्र आले ते डिसेंबर 2024 च्या अखेरीस. मधली दोन वर्षे घरभाडेही चालू आणि कर्जाचा हप्ताही चालू.

शेवटी बिल्डरचे मागणीपत्र आले. उरलेले 8 लाख भरा, शिवाय 3,667 रुपये व्याज, कारण पूर्वीचा 4 लाखांचा एक हप्ता महिनाभर उशिरा पोचला होता. करारात तसे लिहिले होते आणि 11 टक्क्यांनी हिशेबही बरोबर होता. बिल्डरने त्यांना द्यायच्या व्याजाबद्दल मात्र पत्रात अक्षर नव्हते.

घरबांधणी प्रकल्पांवर नियमन ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर ग्राहकाला करारातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात आणि नुकसानभरपाईही मागता येते. घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला व्याज मिळते. दर महाराष्ट्राच्या नियमांत ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर, म्हणजे कर्जासाठीचा आधारभूत व्याजदर, अधिक 2 टक्के. आणि हप्ता थकला तर बिल्डर ग्राहकाला ज्या दराने व्याज लावतो, त्याच दराने बिल्डरलाही द्यावे लागते, असे व्याजाच्या व्याख्येतच आहे. बिल्डरच्याच 11 टक्क्यांनी 32 लाखांवर वर्षाचे 3,52,000 होतात, दोन वर्षांचे 7,04,000. म्हणजे 8 लाखांच्या मागणीतून हे वजा जाऊन त्या दांपत्याने साधारण 1 लाख द्यायचे होते.

बिल्डरने दोन कारणे सांगितली. पहिले, महापूर. पंचगंगेचा पूर जुलै 2021 चा, करार नोव्हेंबरचा. पाणी ओसरल्यावर स्वतः लिहून दिलेली तारीख पुराच्या नावाने कशी ढकलता येईल? दुसरे, महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडून प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आहे. हे कारण पुष्कळांना खरे वाटते. पण ती मुदतवाढ प्रकल्पाच्या नोंदणीची असते, ग्राहकाशी ठरलेल्या तारखेची नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल प्रकरणात 2017 मध्येच हे स्पष्ट केले: उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून.

खरी मेख मात्र ताबापावतीत असते. चावीबरोबर सहीला ठेवलेल्या कागदात एक ओळ होती: ‘विलंबाबाबत माझी काही तक्रार नाही, मी व्याज वा भरपाई मागणार नाही.’ भाड्याचे घर सोडायची तारीख जवळ आलेला माणूस अशा वेळी वाचत बसत नाही, सही करतो. नंतर तक्रार केली की सुनावणीत हीच ओळ पुढे येते. मी त्यांना ती ओळ खोडून ‘व्याजाचा हक्क राखून ताबा घेतला’ असे लिहायला सांगितले. बिल्डरने त्या दिवशी चावी दिली नाही. नोटीस गेल्यावर दिली. (काही जण तर भोगवटा येण्याआधीच ‘फर्निचर करून घ्या’ म्हणत चावी देतात आणि ताबा दिला असे लिहून घेतात. असा ताबा कायद्याने ताबा नव्हे, व्याज चालूच राहते.)

कायदा केंद्राचा, पण महाराष्ट्राचे नियम आणि कराराचा नमुना राज्य सरकारचा. म्हणून माझी मागणी त्या नमुन्यापुरतीच आहे. त्याला दोन परिशिष्टे जोडा. पहिले शेवटच्या मागणीपत्राचे: त्यात करारातली ताब्याची तारीख, भोगवट्याची तारीख, प्रत्येक हप्ता कधी मिळाला आणि दोन्ही बाजूंचे व्याज किती हे लिहिणे बंधनकारक असावे, व निव्वळ रक्कमच मागावी. दुसरे ताबापावतीचे: त्यात हक्क सोडल्याची कोणतीही ओळ चालणार नाही, लिहिली तरी ती गैरलागू धरली जाईल, असे छापलेले असावे.

बिल्डर म्हणतील, हिशेबात वाद होतील. होऊ देत. वादाचा आकडा महारेराकडे नेता येतो. आज मात्र कित्येकांना आपले काही येणे आहे हेच माहीत नसते आणि 5,000 रुपये शुल्क भरून तक्रार करण्याचा विचारही त्यांच्या मनात येत नाही.

त्या दांपत्याची तक्रार आता दाखल झाली आहे. तिचा निकाल यायचा तेव्हा येईल. नमुना बदलायला मात्र कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
एक वकील, कोल्हापूर