हप्त्याचे पैसे घेतले, पण पॉलिसी बंदच: पुनरुज्जीवनाचा लेखी निर्णय मिळण्याबाबत

सातारा, दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विमा कंपनीचे शाखा कार्यालय

विषय: लॅप्स झालेल्या टर्म पॉलिसीचे पुनरुज्जीवन रखडल्याबद्दल तक्रार
(पॉलिसी व पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.)

महोदय,

२०१७ पासून माझी आपल्याकडे ५० लाखांची टर्म पॉलिसी आहे. वर्षाचा हप्ता ११,८७० रुपये. तो दर ५ जुलैला माझ्या पगाराच्या खात्यातून मॅन्डेटने आपोआप कापला जातो. यंदा शाळेचा पगार ९ तारखेला झाला. ५ तारखेला खात्यात ९,११२ रुपयेच होते, त्यामुळे मॅन्डेट परत गेला. पुन्हा प्रयत्न होईल असा आपला मेसेज आला, पण पगार जमा झाल्यावरही रक्कम कापली गेली नाही.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची वाढीव मुदत असते. म्हणून २८ जुलैला मी स्वतः शाखेत येऊन चेक दिला. सही जुळत नाही या कारणाने तो १ ऑगस्टला परतला. बँकेतली सही जुनी आहे, ती चूक माझी आणि मी ती मान्य करते. पण मुदत संपायला तेव्हा तीन दिवस शिल्लक होते. माझा मोबाइल नंबर आपल्याकडे असताना कोणी फोन केला नाही, मेसेजही आला नाही. चेक परतल्याचे पत्र ९ ऑगस्टच्या तारखेचे आहे. १ तारखेला कळले असते तर त्याच दिवशी मी ऑनलाइन पैसे भरले असते.

पत्र मिळाल्यावर १४ ऑगस्टला मी वेबसाइटवरून हप्ता आणि विलंब व्याज भरले. पावती आली, पैसे खात्यातून गेले. मी आणि हे, दोघेही निश्चिंत झालो. २ सप्टेंबरला वेगळ्याच कामासाठी फोन केला, तेव्हा कळले की पॉलिसी लॅप्सच आहे. पावती पुन्हा नीट पाहिली. अगदी तळाला, बारीक अक्षरात लिहिले आहे की रक्कम अनामत म्हणून जमा असून पुनरुज्जीवन मंजूर होईपर्यंत जोखीम सुरू होणार नाही. म्हणजे ४ ऑगस्टपर्यंत माझे काही बरेवाईट झाले असते, तर थकलेला हप्ता वजा करून घरच्यांना क्लेम मिळाला असता. आज तसे झाले तर हातात फक्त भरलेले पैसे परत येतील. माझी मुलगी अकरावीत आहे, आणि गेला महिनाभर तिच्यामागे हे विम्याचे छत्र नव्हते.

त्यानंतर मी शाखेत आले. पुनरुज्जीवनासाठी आरोग्याचे घोषणापत्र लागते, हे मला तिथे पहिल्यांदा सांगितले. गेल्या मे महिन्यात मला मधुमेह निघाला आहे. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ७.१ आली, तेव्हापासून रोज एक गोळी चालू आहे. हे मी खिडकीवर सांगितले तर उत्तर मिळाले, “मॅडम, ‘नाही’वर टिक करा, लगेच होईल.” मी ते केले नाही. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मधली तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. त्या काळात माझ्या माघारी ही खोटी टिक सापडली, तर क्लेम नाकारायला आपल्याला आयतेच कारण मिळेल, आणि ते सांगणारा माणूस तेव्हा खिडकीवर नसेल. खरे लिहिलेला फॉर्म, रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी ४ सप्टेंबरला दिली. पोच सोबत आहे. आजवर उत्तर नाही.

माझी मागणी अशी की आणखी कुठली वैद्यकीय तपासणी हवी असेल, तर ती कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे एकाच पत्रात कळवावे. दर फेरीला नवा कागद मागू नये. मधुमेहामुळे जादा हप्ता लावायचा असेल तर आकडा सांगावा, मी विचार करून उत्तर देईन. नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा आणि अनामत लगेच परत करावी, म्हणजे मला दुसरीकडे अर्ज करता येईल. मंजुरी असेल तर मला निव्वळ पावती नको. जोखीम कोणत्या तारखेपासून सुरू झाली हे लिहिलेले पुनरुज्जीवनाचे पत्र हवे. चेक परतल्याचे आपण उशिरा कळवले, म्हणून विलंब व्याज माफ करावे.

बँकेत मी नवी सही नोंदवली आहे. नव्या मॅन्डेटचा फॉर्मही देत आहे. त्यात कापण्याची तारीख १५ ठेवावी, म्हणजे पगार आधी झालेला असेल आणि वाढीव मुदतीचे दिवसही हाताशी राहतील. बँकेने तो स्वीकारल्यावर मॅन्डेटचा नोंदणी क्रमांक मला कळवावा. फॉर्म दिला म्हणजे मॅन्डेट चालू झाला, असे मी आता धरणार नाही.

दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर मी ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवीन. आजपासून ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन.

कृपया या पत्राची पोच द्यावी.

आपली,
(सही)
पॉलिसीधारक

सोबत: चेक परतल्याचे पत्र, १४ ऑगस्टची पावती, आरोग्य घोषणापत्राची पोच, मॅन्डेट फॉर्म