क्रेटच्या डिपॉझिटचा हिशेब ३१ मार्चपूर्वी जुळवून घ्या

सर्व सभासद दुकानदारांसाठी,

वर्ष बंद होण्याआधी शीतपेयाच्या रिकाम्या क्रेटची मोजणी करून डीलरच्या खातेउताऱ्याशी ताळा करा. उताऱ्यावर सही-शिक्का २५ मार्चपर्यंत घ्या. शेवटच्या आठवड्यात डीलरकडे कोणालाच वेळ नसतो.

• परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी लागत नाही. बिलात ते मालाच्या किमतीखाली वेगळ्या ओळीत हवे. मालाच्या रकमेत मिसळले असेल तर बिल दुरुस्त करून मागा.

• ही रक्कम खरेदीत टाकू नका, 'डिपॉझिट येणे' खात्यात ठेवा. खरेदीत गेली की नफा कमी दिसतो आणि परतावा आला की तो कुठे धरायचा हा घोळ होतो.

उदाहरणार्थ, १० क्रेट, प्रत्येकी २०० रुपये, डिपॉझिट २,०००. आठ परत दिले, तर १,६०० पुढच्या बिलातून वजा व्हायला हवेत. हरवलेल्या दोन क्रेटचे ४०० डीलरने किंमत म्हणून वळते केले, तर त्यावर जीएसटी लागतो. त्याचे टॅक्स इनव्हॉइस घ्या.

वाद बहुतेक वेळा परतीच्या चिठ्ठीवरून होतो. गाडीवाल्याकडून क्रेटची आणि आतल्या बाटल्यांची संख्या वेगवेगळी लिहून घ्या. क्रेट पोचला, पण चार बाटल्या कमी, असे असेल तर तेवढे डिपॉझिट कापले जाते.