क्रिकेट स्पर्धेचे प्रवेशशुल्क ठरवताना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. शेजारच्या मंडळाने दोन हजार रुपये घेतले म्हणून आपणही तेवढेच घ्यायचे, अशा रीतीने त्यांचे प्रवेशशुल्क बहुधा ठरते. आमच्या मंडळाने गेल्या वर्षी हेच केले आणि खजिनदार या नात्याने त्याचा हिशेब मला द्यावा लागला.

सोळा संघ येतील, असे आम्ही धरले होते. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो, म्हणून सोळा संघांचे पंधरा सामने होतात. दिवसाला आठ सामने धरून मैदानाचे दोन दिवसांचे भाडे १२,००० रुपये होते. दर सामन्याला दोन पंच आणि प्रत्येकी ३०० रुपये मानधन, म्हणजे ९,००० रुपये. प्रत्येक डावाला नवा चेंडू आणि हरवणारे दहा जादा असे ८० रुपयांचे चाळीस चेंडू ३,२०० रुपयांचे झाले. चषकांना ८,००० रुपये लागले. एकूण ३२,२०० रुपये सोळा संघांत वाटले, तर प्रत्येकी दोन हजारांच्या किंचित वर जातात, त्यामुळे शुल्क बरोबर वाटले.

प्रत्यक्षात बाराच संघ आले. सामने अकरा झाल्याने पंचांचे मानधन ६,६०० रुपयांवर आले आणि बत्तीस चेंडू २,५६० रुपयांत भागले, पण मैदान दोन दिवस लागलेच आणि चषकांवर नावे आधीच कोरून झाली होती. खर्च २९,१६० रुपये आणि जमा २४,००० रुपये. उरलेले ५,१६० रुपये कार्यकर्त्यांनी खिशातून घातले, आणि तेही पंचांना दोन आठवडे थांबवून. दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्या माणसाचे पैसे सर्वांत शेवटी द्यावे लागले, याची मला आजही लाज वाटते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, भाडे आणि चषक हा न बदलणारा खर्च नक्की येणाऱ्या संघांत वाटावा आणि सामन्यागणिक वाढणारा खर्च त्यात मिळवावा. आमच्या बाबतीत बारा संघांवर हा आकडा २,४३० रुपये येतो, तेव्हा यंदा आम्ही २,५०० रुपये ठेवले आहेत. सोळा संघ आले तर ७,८०० रुपये उरतील. पण अवकाळी पावसाने तिसऱ्या दिवसाचे मैदान घ्यावे लागले, तर त्यातले ६,००० रुपये तिथेच जातील. पाऊस न आल्यास शिल्लक संघांना समान परत करू, असे प्रवेशपत्रिकेवरच छापले आहे. निम्मे शुल्क नाव नोंदवतानाच घेतो, कारण फोनवर होकार देणारा संघ ऐनवेळी येत नाही. चषकांची मागणीही नोंदणी बंद झाल्यावरच देतो.

रोख बक्षिसे मात्र या हिशेबात धरू नयेत. ती प्रायोजकाकडून पैसे हातात आल्यावरच जाहीर करावीत.

आपला नम्र,
एका क्रीडा मंडळाचा खजिनदार